एकच रांग आणि उत्तरं २७२, २८४, २९६, ३१०: डिस्क शेड्युलिंगमध्ये हेडची हालचाल मोजायची कशी?

तिसरं_वर्ष

नमस्कार मंडळी. सरावाच्या एका गणितावर आमच्या गटात चार जणांची चार उत्तरं आली आहेत. गणित असं:

डिस्कवर ० ते १९९ असे २०० सिलिंडर आहेत. हेड आत्ता ७० वर आहे, त्याआधी ते ६६ वर होतं. रिक्वेस्ट आल्या त्या क्रमाने: ९५, १८, १४०, ६४, ७६, १८०, ३१, ११९. शॉर्टेस्ट सीक फर्स्ट आणि एलिव्हेटर या दोन पद्धतींनी हेडची एकूण हालचाल काढा.

शॉर्टेस्ट सीकचं माझं उत्तर ४५२ आलं, एकाचं २८४ आणि दुसरीचं २९६. एलिव्हेटरचं मला २७२ मिळालं, पण सोबतच्या उत्तरात ३१० छापलंय. जवळची रिक्वेस्ट आधी घेणाऱ्या पद्धतीचं उत्तर सगळ्यात कमी यायला हवं ना? मग ते एलिव्हेटरपेक्षा जास्त कसं?

---

खटपट्या

तुझं ४५२ नक्की चुकलंय. एसएसटीएफमध्ये हेड प्रत्येक वेळी सगळ्यात जवळच्या रिक्वेस्टकडे जातं. प्रत्येक पाऊल लहानात लहान, म्हणजे बेरीजही लहानात लहान. त्या न्यायाने २८४ बरोबर, आणि एलिव्हेटरचं उत्तर त्याच्या खाली येऊच शकत नाही. म्हणून २७२ चूक, ३१० बरोबर.

---

पाटीपेन्सिल

खटपट्या, ३१० हे एका अर्थाने बरोबर आहे, पण तुम्ही दिलेलं कारण बरोबर नाही. त्यावर खाली येतो. आधी ४५२ कुठून आलं ते बघू, कारण ही चूक फार जण करतात आणि उत्तरावरूनच ती ओळखता येते.

तू सगळी अंतरं एकदाच, ७० पासून मोजलीस आणि त्या क्रमाने रांग लावलीस. ६४ आणि ७६ सहा-सहावर, ९५ पंचवीसवर, ३१ एकोणचाळीसवर, मग ११९, १८, १४०, १८०. या क्रमाने हेड ९५ वरून ३१ ला मागे येतं, तिथून ११९ ला पुढे, परत १८ ला, परत १४० ला. असं हेलपाटे घालत ४५२ होतात. एसएसटीएफमध्ये अंतर मोजायचं ते हेड आत्ता जिथे आहे तिथून. हेड हललं की आधीची सगळी अंतरं पुसून टाकायची आणि नव्याने मोजायची.

आता नीट करू. ७० वरून ६४ सहावर आहे आणि ७६ पण सहावर. इथेच तुमच्या गटातल्या दोघांच्या वाटा फुटल्या.

आधी ६४ घेतलं तर: ६४ वरून ७६ बारावर, ३१ तेहतीसवर, म्हणून ७६. तिथून ९५ एकोणीसवर, ३१ पंचेचाळीसवर, म्हणून ९५. पुढे ११९, १४०, १८०. वर काही उरलं नाही, म्हणून १४९ सिलिंडरची लांब उडी मारून ३१, आणि मग १८.

६ + १२ + १९ + २४ + २१ + ४० + १४९ + १३ = २८४.

आधी ७६ घेतलं तर: ७६ वरून ६४ बारावर आणि ९५ एकोणीसवर, म्हणून हेड मागे ६४ ला येतं. ६४ वरून ३१ तेहतीसवर आणि ९५ एकतीसवर, म्हणून पुन्हा वर ९५. पुढचा क्रम तोच.

६ + १२ + ३१ + २४ + २१ + ४० + १४९ + १३ = २९६.

एक सोय सांगतो. आठ आकड्यांची बेरीज करत बसण्यापेक्षा हेड कुठे कुठे वळलं एवढंच लिहा, मधले थांबे सोडून द्या. पहिल्या वाटेत ७० → ६४ → १८० → १८, म्हणजे ६ + ११६ + १६२ = २८४. दुसरीत ७० → ७६ → ६४ → १८० → १८, म्हणजे ६ + १२ + ११६ + १६२ = २९६. दोन्ही रीतींनी बेरीज जुळली नाही तर कुठेतरी वजाबाकी चुकली असं समजा.

---

तिसरं_वर्ष

४५२ चं कळलं, सगळी अंतरं ७० पासूनच मोजली होती. पण बरोबरी झाली तर कुठला घ्यायचा? आणि २७२ चं काय?

---

पाटीपेन्सिल

बरोबरी कशी सोडवायची हे पद्धतीच्या व्याख्येतच नाही. जो आधी आला तो घ्या म्हटलं तर तुमच्या रांगेत ६४ हा ७६ च्या आधी आहे, म्हणून २८४. हेड ज्या दिशेने चाललंय ती सोडू नका म्हटलं तर ६६ वरून ७० ला येताना ते वर चाललं होतं, म्हणून ७६ आणि २९६. कुठला नियम धरला ते उत्तरात एका ओळीत लिहा. दोन्ही उत्तरं टिकतात.

प्रोग्राम लिहाल तेव्हा हीच गोष्ट न सांगता ठरून जाते:

```python
def sstf(head, q):
    q, order = list(q), []
    while q:
        n = min(q, key=lambda t: abs(t - head))
        q.remove(n)
        order.append(n)
        head = n
    return order
```

पायथॉनचं `min` बरोबरीत यादीतला पहिला सापडलेला देतं, म्हणून या रांगेवर २८४ येईल. `key` मध्ये `(abs(t - head), -t)` लिहिलंत तर बरोबरीत मोठा सिलिंडर निवडला जाईल आणि २९६ येईल. दोघांचे प्रोग्राम वेगळी उत्तरं देत असतील तर आधी ही ओळ बघा.

आता २७२. खटपट्या, प्रत्येक पाऊल लहान असलं की बेरीज लहान असं होत नाही. या रांगेची दोन टोकं १८ आणि १८०. हेड कुठल्याही क्रमाने गेलं तरी दोन्ही टोकांना त्याला जावंच लागणार. म्हणजे आधी एका टोकाला जायचं आणि मग तिथून दुसऱ्या टोकापर्यंत १६२ चा पल्ला. जवळचं टोक १८, ते ५२ वर. ५२ + १६२ = २१४. या रांगेला यापेक्षा कमी हालचालीत कोणीच उरकू शकत नाही. हेड आधी खाली गेलं असतं तर एलिव्हेटर पद्धतीने नेमके हेच २१४ आले असते.

एसएसटीएफ जवळच्या ६४ आणि ७६ च्या नादी लागून वर ओढली गेली, मग वरचं एक एक जवळचं घेत १८० पर्यंत पोचली, आणि ३१ व १८ साठी सगळं अंतर परत तुडवत आली. सुरुवातीची उलटसुलट धाव वाया गेली. म्हणून या रांगेत ती २७२ ला हरते. वेगळी रांग घेतली तर ती एलिव्हेटरला मागे टाकेल, पण टोकांच्या या हिशेबाच्या खाली कधी जाणार नाही. तुमचं उत्तर २१४ च्या खाली आलं तर एखादी रिक्वेस्ट सुटली आहे हे नक्की.

---

खटपट्या

पटलं. टोकांचा हिशेब मी केलाच नव्हता. पण मग ३१० बरोबर की २७२? दोन्ही एलिव्हेटर कसे?

---

रांगोळी

दोन्हीला लोक एलिव्हेटर म्हणतात, घोळ तिथेच आहे. फरक फक्त हेड कुठून वळतं याचा.

स्कॅनमध्ये हेड डिस्कच्या शेवटच्या सिलिंडरपर्यंत जातं, तिथे कोणाची रिक्वेस्ट असो वा नसो. ७० वरून १९९ पर्यंत १२९, तिथून १८ पर्यंत १८१. एकूण ३१०. लुकमध्ये पुढे कोणी उरलं नाही असं दिसलं की हेड तिथूनच वळतं. ७० वरून १८० पर्यंत ११०, तिथून १८ पर्यंत १६२. एकूण २७२. फरक ३८ चा, म्हणजे १८० ते १९९ हे १९ सिलिंडर जायचे आणि यायचे. खऱ्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावर कोणी बटण दाबलं नसेल तर ती गच्चीपर्यंत जात नाही, म्हणून एलिव्हेटर हा शब्द लुकलाच जास्त शोभतो असं माझं मत. पण पुष्कळ पुस्तकांत स्कॅनलाच एलिव्हेटर म्हटलेलं असतं, त्यामुळे छापील ३१० चूक म्हणता येणार नाही. प्रश्नात "० ते १९९" दिलंय ते स्कॅनसाठीच, लुकला त्याची गरजच पडत नाही.

स्कॅनमध्ये अजून एक चूक नेहमी दिसते. १९९ पर्यंत गेलेलं हेड परत येताना ० पर्यंतही नेलं जातं आणि उत्तर १२९ + १९९ = ३२८ होतं. खाली येताना शेवटची रिक्वेस्ट १८ वर संपली की मोजणी तिथेच थांबवायची, कारण पुढे नेण्यासारखं काम उरलेलं नाही.

आणि दिशा. "त्याआधी ते ६६ वर होतं" हे वाक्य उगाच दिलेलं नाही. त्यावरूनच हेड वर चाललंय हे कळतं. दिशा उलटी धरली तर लुकचे २१४ आणि स्कॅनचे ७० + १८० = २५० येतात. प्रश्नात दिशा नसेल तर गृहीत धरलेली दिशा लिहायलाच हवी.

---

स्टुडिओवाला

चांगली चर्चा चाललीये म्हणून विचारतो. फोटोंचा साठा ठेवायला माझ्याकडे लिनक्सचं एक मशीन आहे, त्यात ४ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. दोघे एकदम फोल्डर कॉपी करायला लागले की ती फार रेंगाळते. मग मी यातलं स्कॅन लावू की लुक? सेटिंग कुठे असतं?

---

पाटीपेन्सिल

स्टुडिओवाला, धाग्यातला प्रश्न कागदावरच्या हिशेबाचा आहे, पण तुमच्या प्रश्नाचाही त्याच्याशी संबंध आहे. लिनक्समध्ये स्कॅन किंवा लुक या नावाचा पर्याय मिळणार नाही. आधी हे बघा (`sda` च्या जागी तुमच्या डिस्कचं नाव):

```
$ cat /sys/block/sda/queue/rotational
1
$ cat /sys/block/sda/queue/scheduler
none [mq-deadline] kyber bfq
```

`1` म्हणजे फिरणारी डिस्क. चौकोनी कंसात आहे तो सध्या चालू असलेला शेड्युलर. `mq-deadline` रिक्वेस्टना सेक्टरच्या चढत्या क्रमाने लावतो, म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या लिफ्टसारखा. पण त्यासोबत प्रत्येक रिक्वेस्टला तो मुदत देतो. मूळ सेटिंगमध्ये वाचायच्या रिक्वेस्टला ५०० मिलिसेकंद आणि लिहायच्या रिक्वेस्टला ५ सेकंद. मुदत उलटलेली कोणी सापडली की क्रम मोडून आधी तिच्याकडे जातो. तुमच्याकडे `none` दिसत असेल तर:

```
$ echo mq-deadline | sudo tee /sys/block/sda/queue/scheduler
```

हे मशीन बंद करून चालू केलं की जातं, त्यामुळे आधी फरक पडतो का ते पाहा, मग कायमचं करा. दोन मोठ्या कॉपी एकदम चालू असतील तर हेडला दोन लांबच्या जागांमध्ये ये-जा करावीच लागते. शेड्युलर ती कमी करेल, संपवणार नाही. एकामागून एक कॉपी केल्या तर बहुधा दोन्ही मिळून लवकर होतील.

---

स्टुडिओवाला

`none` होतं, बदललं. थोडं बरं वाटतंय, पण नीट मोजून मग सांगतो. आभार.

---

नाशिकची_माया

मुदतीचा विषय निघालाच आहे तर त्यामागचं कारणही इथे यावं, कारण एसएसटीएफवर खरा आक्षेप २८४ की २७२ हा नाहीच.

तुमच्या रांगेत १८ कुठे आहे बघा. तो दुसरा आला आणि एसएसटीएफमध्ये शेवटी, आठवा गेला. इथे रांग स्थिर आहे म्हणून निदान गेला तरी. खऱ्या मशीनमध्ये रिक्वेस्ट येतच राहतात. समजा हेड १८० वर आहे आणि खाली फक्त ३१ आणि १८ उरलेत. ३१ हे १४९ वर आहे. तेवढ्यात १७२ ची रिक्वेस्ट आली, हेड तिकडे गेलं. तिथे असताना १६० ची आली, मग १७७ ची. वरच्या भागात काम चालू आहे तोवर ३१ आणि १८ चा नंबर लागणारच नाही. किती वेळ, याला काही मर्यादाच नाही. एखाद्या प्रोग्रामचा डेटा १८ वर असेल तर तो अडकून पडतो आणि बाकी सगळं मशीन व्यवस्थित चालताना दिसतं, म्हणून दोष लवकर ध्यानात येत नाही. सरासरी बघून हे कळणार नाही. सगळ्यात जास्त थांबलेल्या रिक्वेस्टचा वेळ बघावा लागतो.

लुक किंवा स्कॅनमध्येही १८ शेवटीच गेला, हे खरं. पण तिथे मर्यादा आहे. हेड वर जाऊन खाली आलं की तो सापडणारच. २०० सिलिंडरच्या डिस्कवर पूर्ण फेरी ३९८ ची, त्याहून जास्त हालचाल होईपर्यंत कोणी थांबत नाही.

पण स्कॅनमध्ये टोकाच्या आणि मधल्या सिलिंडरला सारखी वागणूक मिळत नाही. सिलिंडर १०० वरून हेड गेलं की ते परत येईपर्यंत एकदा १९८ आणि एकदा २०० अंतर जातं, जवळपास सारखंच. सिलिंडर १९० चं बघा: १९९ ला वळून परत यायला फक्त १८, आणि नंतर खाली जाऊन परत यायला ३८०. हेड नुकतंच खाली निघून गेल्यावर १९० ची रिक्वेस्ट आली तर तिला जवळजवळ पूर्ण फेरी थांबावं लागतं. शिवाय १९९ ला वळलेल्या हेडला लगेच त्याच भागातून परत यावं लागतं, जिथलं काम त्याने आत्ताच उरकलंय आणि नव्या रिक्वेस्ट अजून थोड्याच जमल्यात. म्हणून सी-स्कॅन: वर जाताना काम करायचं, १९९ वरून थेट ० ला यायचं आणि पुन्हा वर.

---

तिसरं_वर्ष

सी-स्कॅनचं पण करून बघितलं. ७० ते १९९ हे १२९, मग ० पासून ६४ पर्यंत ६४. एकूण १९३. एलिव्हेटरपेक्षाही कमी?

---

रांगोळी

१९९ वरून ० ला येतानाची उडी तू धरलीच नाहीस. ती १९९ ची. धरली तर ३९२. सी-लुकने ७० ते १८० हे ११०, १८० ते १८ परत १६२, आणि १८ ते ६४ हे ४६. एकूण ३१८.

तुझं १९३ हे २१४ च्या खाली आहे, बघ. पाटीपेन्सिल यांनी वर सांगितलेली खूण इथे कामाला आली. रिक्वेस्ट सुटली नाही, हालचालीचा एक तुकडाच सुटला.

---

खटपट्या

इथे मात्र मी अडून बसणार. काही पुस्तकं परतीची उडी मोजत नाहीत आणि त्यांचंही कारण आहे. परत येताना हेड कुठेच थांबत नाही. वेग घेतं, एका दमात जातं, एकदाच स्थिरावतं. १९९ सिलिंडरची ती एक उडी आणि दहा-दहा सिलिंडरचे वीस थांबे यांना लागणारा वेळ सारखा नाही.

---

पाटीपेन्सिल

वेळाबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हेडला वेग घ्यायला, थांबायला आणि ट्रॅकवर स्थिरावायला वेळ लागतो, आणि लहान उडीत बराचसा वेळ स्थिरावण्यातच जातो. म्हणून शंभर सिलिंडरच्या एका उडीला एका सिलिंडरच्या उडीच्या शंभर पट वेळ कधीच लागत नाही. त्यात ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवा तो सेक्टर हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. तो वेळ हेडच्या हालचालीच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

पण प्रश्नात "हेडची एकूण हालचाल" विचारली असेल तर हेड हललं तितकं मोजायचं. उडी वेगाने झाली म्हणून अंतर शून्य होत नाही. माझं मत ३९२. वेळ विचारला तर मग उडीला वेगळा आकडा द्यावा आणि तो प्रश्नातच असावा.

---

खटपट्या

प्रश्नात स्पष्ट नसेल तर मी दोन्ही लिहीन: उडी धरून ३९२, सोडून १९३. एकच निवडायला लावलं तर ठामपणे सांगता येणार नाही.

---

नाशिकची_माया

अजून एक गोष्ट राहिली. ३९८ ची मर्यादा मी सांगितली ती हालचालीची, वेळाची नव्हे. हेड ९५ वर असताना एकापाठोपाठ ९५ च्याच रिक्वेस्ट येत राहिल्या तर लुकमध्येही ते तिथून हलणार नाही. हालचाल शून्य आणि बाकीचे सगळे थांबलेले. त्यावर उपाय म्हणजे दोन रांगा: फेरी सुरू झाली की पहिली रांग गोठवायची, नव्याने येणाऱ्या दुसऱ्या रांगेत आणि पुढच्या फेरीत.

तुझ्या गणितावर करून बघ. हेड ९५ वर पोचल्यावर ९५ आणि ९० अशा दोन नव्या रिक्वेस्ट आल्या असं धर. साध्या लुकमध्ये ९५ लगेच उरकेल, ९० परतीच्या वाटेवर, आणि एकूण २७२ च राहतील. रांग गोठवली तर?

---

तिसरं_वर्ष

करून बघतो. जुनी रांग २७२ ला १८ वर संपते. तिथून वर ९० ला ७२, मग ९५ ला ५. म्हणजे २७२ + ७७ = ३४९?

---

नाशिकची_माया

हो, ३४९. हालचाल ७७ ने वाढली, पण हेड ९५ वर अडकून पडण्याची सोय उरली नाही.